फुगवट्यातले मासे आणि दहा मिनिटं

पहिल्या सरावात माझी दहा मिनिटं संपली तेव्हा मी अजून नदीच्या उगमापाशीच उभी होते. ठिकाणं, जाळी, मासे, निष्कर्ष, सगळं पुढंच राहिलेलं. माझी मैत्रीण डब्याचं झाकण चमच्यानं बडवत होती आणि मी तिच्यावर खेकसत होते, "थांब की जरा, अजून पूर्णा जाफराबादला पोचायचीय!"

ती झाकण खाली ठेवत म्हणाली, "पूर्णा पोचेल गं बिलकुल. तुझी पीएचडी न्हाई पोचायची."

मला इतका राग आला की मी लॅपटॉप धाडकन मिटला. लगेच उघडूनही बघितला, कारण तो हप्त्यावरचा होता.

ही मैत्रीण आणि मी एकाच प्रयोगशाळेत, जालन्याच्या आमच्या संशोधन केंद्रात. ती नदीतल्या गोगलगायींवर काम करते, मी माशांवर. घरी तिच्या उर्दू, माझ्याशी मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम. मी बदनापूरच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, जालन्याहून रोज जाऊन येऊन करते. माहेर जाफराबादच्या अलीकडं, पूर्णेच्या काठाला. प्रबंधाचा विषयही तीच नदी: पूर्णेतला मत्स्यसमुदाय. समुदाय म्हणजे एका जागी नांदणाऱ्या माशांचा गोतावळा. कोण कोण आहे, कोण किती आहे, कोण कुणासोबत सापडतो, हे सगळं त्यात आलं. नदीवर मी चार ठिकाणं धरली होती. तीन वरच्या वाहत्या पाण्यात आणि चौथं बंधाऱ्यामागच्या फुगवट्यात, म्हणजे बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी जिथं मागं तुंबून खोल होतं तिथं. दर महिन्याला चारही ठिकाणी मासे धरायचे, मोजायचे, ओळखायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. अशी दोन वर्षं केली.

आता तोंडी परीक्षा राहिली होती. एकाच दिवशी तिघांच्या परीक्षा आणि बाहेरगावच्या परीक्षकांना संध्याकाळची गाडी, म्हणून विद्यापीठानं प्रत्येकाला दहा मिनिटं दिली. दहा मिनिटं सादरीकरण, मग प्रश्न. सहा वर्षांच्या कामाला दहा मिनिटं! आमच्याकडं हळदीकुंकवाला याहून जास्त वेळ लागतो.

पण खरं दुखणं वेळेचं नव्हतं. परीक्षकांच्या अहवालात एक ओळ होती. प्रबंध चांगला आहे, असं लिहून पुढं त्यांनी विचारलं होतं: फुगवट्यात माशांच्या जाती कमी दिसतात त्या नदीमुळे की जाळ्यामुळे? उमेदवारानं समाधानकारक खुलासा करावा. खुलासा पटला नाही तर प्रबंध दुरुस्तीला परत. आणि माझी नोंदणीची मुदत, वाढवून वाढवून, आता संपायला आली होती. परत आला असता तर सगळं मुसळ केरात.

ती ओळ वाचून मी परीक्षकांना, देवा शप्पथ, नाही नाही ते बोलले. "कोण हा शहाणा? कधी उतरला का फुगवट्यात?" कारण फुगवट्यात काय आहे ते मला माहीत होतं. बंधारा झाला तेव्हा काठच्या बाभळी तशाच उभ्या बुडाल्या. त्या अजून पाण्याखाली आहेत, काट्यांसकट. वरच्या तीन ठिकाणी मी दोन जाळी वापरायचे. एक फेकायचं जाळं, बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, जे छत्रीसारखं पसरून तळापर्यंत जातं. दुसरं लावायचं जाळं, मोठ्या आसाचं, पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं. फुगवट्यात पहिल्याच महिन्यात फेकायचं जाळं बाभळीत अडकलं. ओढून काढलं तर हातात नुसती दोरी आली. दुसऱ्या महिन्यात दुसरं जाळं घालवलं. तिसऱ्या महिन्यापासून तिथं मी फक्त लावायचं जाळं लावलं, तेही बाभळी सोडून, मोकळ्या पाण्यात.

आणि शेवटी चारही ठिकाणच्या जाती मोजून मी लिहिलं, फुगवट्यात जाती कमी आहेत.

कळलं ना काय झालं ते? बोटाएवढे मासे मोठ्या आसातून सरळ निघून जातात. वर ते मला फेकायच्या जाळ्यात मिळत होते. खाली ते असतील किंवा नसतील, माझ्या जाळ्याला ते कळायला मार्गच नव्हता. मैत्रिणीला समजावताना मी तावातावानं सांगत गेले आणि सांगता सांगता माझाच आवाज बसत गेला. ती म्हणाली, "मंग तो शहाणा बराबरच बोलून राह्यला की."

दोन जाळ्यांची नोंद मी वेगवेगळीच ठेवली होती, ती पद्धतच आहे. त्यामुळं त्या दुपारी बसून मी फेकायच्या जाळ्याचा माल बाजूला काढला आणि चारही ठिकाणी फक्त लावायच्या जाळ्यात काय आलं ते बघितलं. तेच जाळं, तोच आस, तेवढाच वेळ पाण्यात. फुगवटा आणि वरची ठिकाणं, जातींचा आकडा जवळजवळ सारखाच आला. माझा आवडता निष्कर्ष डोळ्यांदेखत बसला. एक गोष्ट मात्र टिकली. मासे वेगळे होते. वर वाहत्या पाण्यातले, खाली चिलापी आणि मुद्दाम बीज, म्हणजे पिल्लं, सोडलेला कटला. कमी नाहीत, वेगळे. मी पंख्याखाली बसून रडले आणि मग भूक लागली म्हणून खाली जाऊन दोन वडापाव खाल्ले.

रडू परीक्षेचं नव्हतं एवढं. रडू होतं अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्या लहानपणी त्यांनी पूर्णेतले दगड उलटून मळ्या धरला होता. मळ्या हा बोटभर मासा, दगडाला चिकटून राहतो. त्यांचं म्हणणं एकच: बंधारा झाला आणि मासे गेले. मी या विषयाकडं वळले तेच त्या वाक्यामुळं. आणि मी कच्चा निष्कर्ष घरी सांगितला त्या दिवसापासून अण्णांनी तो जाफराबादच्या स्टँडवर, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या मीटिंगला, जो भेटेल त्याला सांगितला. "माझ्या पोरीनं सिद्ध केलं. सायन्सनं." परीक्षा सगळ्यांना खुली असते, हे कळल्यावर त्यांनी नवीन धोतर काढून ठेवलं होतं. त्यांना काय सांगू, हे मला सुधरेना. म्हणून सांगितलंच नाही.

मग मी स्लाइडी पाडायला बसले. पाडायला, कारण होत्या साठेक.

त्यातल्या निम्म्या आमच्या सरांच्या. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. माणूस सोन्यासारखा, जाळं फाटलं की खिशातून पैसे काढणारा, पण त्यांचं सादरीकरणाचं शास्त्र ठरलेलं. पहिली स्लाइड शीर्षक. दुसरी आभार, त्यात कुलगुरूंपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचे फोटो आणि मधोमध सर. मग जगातल्या मत्स्यशास्त्राचा इतिहास. मग भारतातला. मग महाराष्ट्रातला. मग पाण्याचे गुणधर्म, दहा-बारा तक्ते, इतक्या बारीक अक्षरात की तांदूळ निवडल्यासारखं वाचावं लागेल. मग प्रत्येक माशाचा फोटो, एका स्लाइडवर एक, नाव तिरक्या अक्षरात. शेवटी निष्कर्ष आणि एक गुलाबाचं फूल, त्यावर 'थँक यू'.

"सर, यात मासे कुठं राहतात ते यायच्या आधीच घंटा होईल," मी म्हणाले.

"फोटो पाहिजेतच. परीक्षक फोटो बघून खूश होतात."

"परीक्षकांनी जाळ्याचं विचारलंय, सर. फोटोचं नाही."

"ती स्लाइड सगळ्यात मागं ठेव," सर म्हणाले. "थँक यूच्या मागं. विचारलं तर दाखव, नाही विचारलं तर बरं. दुखरं बोट आपण होऊन कशाला पुढं करायचं?"

माझं डोकं सटकलं. "दुखरं बोट त्यांनी आधीच बघितलंय. त्यावरच बोट ठेवलंय त्यांनी! आता मी ते खिशात घालून हिंडले तर ते दहाही मिनिटं माझ्या खिशाकडंच बघतील."

सर चष्मा पुसत बसले. ते रागावले की चष्मा पुसतात. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि ठरवलं, हे माझ्या पद्धतीनं करायचं. सरांना फोटो हवेत ना, फोटो देऊ. पण मागं.

मी कागदाचे तुकडे केले आणि एकेका तुकड्यावर एकच वाक्य लिहिलं. नियम असा केला की ज्या स्लाइडचं म्हणणं एका वाक्यात सांगता येत नाही ती स्लाइड बाद. आणि ते वाक्यच स्लाइडच्या डोक्यावर. 'निकाल' असा मथळा नाही. त्यानं काही कळत नाही. निकाल काय तो मथळ्यातच लिहायचा.

पहिली स्लाइड शीर्षकाची, पण त्यावर प्रश्न: बंधाऱ्यामागचा मत्स्यसमुदाय वरच्या नदीपेक्षा वेगळा आहे का? दुसरीवर नकाशा. फक्त पूर्णा, बंधारा आणि चार ठिपके. तालुक्यांच्या हद्दी, रस्ते, रेल्वे सगळं पुसलं. तिसरीवर हे का विचारायचं: पाणी तुंबलं की तळ, खोली आणि वेग बदलतो, आणि माशांना या तिन्हींशी देणंघेणं असतं. इतिहासाच्या तीन स्लाइडींचं काम या एकीनं केलं. चौथी जाळ्यांची. पाचवीवर सगळ्या जाती कुळांनुसार एका छोट्या आकृतीत, एकही फोटो नाही.

सहावी माझी सगळ्यात आवडती आणि सगळ्यात जिवावरची. डावीकडं दोन खांब: दोन्ही जाळी धरून वर किती जाती आणि फुगवट्यात किती. खूप फरक. उजवीकडं दोन खांब: फक्त एकच, सारखं जाळं धरून. फरक जवळजवळ नाही. मथळा: सारख्या जाळ्यानं मोजलं तर जाती कमी दिसत नाहीत.

सातवीवर ठिपके. एक ठिपका म्हणजे एका ठिकाणचा एक महिना. दोन ठिपके जवळ म्हणजे त्या दोन वेळी मासे सारखे, लांब म्हणजे वेगळे. हेही फक्त सारख्या जाळ्याचे. वरच्या तीन ठिकाणांचे ठिपके एकमेकांत मिसळलेले, फुगवट्याचे बाजूला घोळक्यात. मथळा: पण मासे वेगळे आहेत. आठवी पावसाळा आणि उन्हाळ्याची. नववीवर दोन रकाने, काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही. दहावीवर तीन वाक्यं आणि खाली एका ओळीत आभार. गुलाब नाही. त्यामागं सरांचे सगळे फोटो, पाण्याचे सगळे तक्ते, कुणी विचारलंच तर.

जाळ्यांची स्लाइड चौथीच का, यावर मैत्रिणीनं मला उभं-आडवं घेतलं. "सुरुवातीलाच कशाला? आधी चांगलं दाखव की."

"कारण जाळं कळल्याशिवाय पुढचा एकही खांब खरा की खोटा ते कळत नाही," मी म्हणाले. "आधी खांब दाखवले आणि मग म्हणाले की बाई गं, यातले दोन बघू नका, तर कोण ऐकणार?"

तिला पटलं. मग तिनं एक अक्कल दिली आणि तीच पुढं कामी आली. "हर स्लाइडवर खूण कर. वेळ कमी पडला तर कोणत्या उडवायच्या. आत्ताच ठरव. तिथं उभी राहून ठरवशील तर रडशील."

मी तुकड्यांवर लाल पेनानं खुणा केल्या. एक, चार, सहा, सात, नऊ, दहा या मेले तरी सोडायच्या नाहीत. बाकीच्यांना उडवता येईल. नकाशावर उडवायची खूण करताना जीव तुटला, पण त्याचं एक वाक्य मी चौथ्या स्लाइडवर बसवलं. तिथं नदीचा एक कोपरा आणि चार ठिपके ठेवले. मग रोज बदनापूरहून येताना गाडीत मी तोंडातल्या तोंडात दहाही वाक्यं म्हणायचे. समोरच्या बाईला वाटायचं मी जप करते. एकदा तिनं विचारलं, "कुणाचा?" मी म्हणाले, "माशांचा." ती तोंडाला पदर लावून हसली.

परीक्षेच्या दिवशी अण्णा मला भेटायच्या आधीच सभागृहात पहिल्या रांगेत जाऊन बसले होते. मैत्रिणीनं त्यांना दुसऱ्या रांगेत आणलं. "चाचा, पहिली रांग परीक्षकांची."

"मंग मला बी परीक्षकच समज की. मासे मलाच जास्ती ठावं."

मी त्यांना पाणी दिलं. "अण्णा, आज मी जे बोलेन ते तुम्ही स्टँडवर सांगता तसं नसेल," एवढंच म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. मला वाटतं त्यांनी ऐकलंच नाही. ते परीक्षकांच्या बुटांकडं बघत होते.

आणि मग सत्कार सुरू झाला. आमच्याकडं पाहुणा आला आणि शाल-श्रीफळ दिलं नाही असं झालंय का? माझ्या आधीच्या मुलाच्या परीक्षेआधी तो झाला होता. मला वाटलं आटपलं. पण परीक्षक चहाला गेले तेवढ्यात प्राचार्य आले आणि त्यांच्या हस्ते सत्कार राहिला होता. पुन्हा शाल. पुन्हा नारळ. पुन्हा आमचे सर उठले आणि परीक्षकांचा परिचय करून देऊ लागले. जन्मगावापासून. मी माइक हातात घेऊन उभी. परीक्षकांच्या शेजारी बसलेले अध्यक्ष मनगट बघत होते. शेवटी ते म्हणाले, "सर, बराच वेळ गेला. परीक्षकांची गाडी आहे. बाई, तुम्ही सुरू करा. पण घंटा ठरल्या वेळीच होईल."

घंटा ठरल्या वेळीच! म्हणजे शालीचा वेळही माझ्याच दहा मिनिटांतला. मी घड्याळाकडं बघितलं. जेमतेम सहा मिनिटं उरली होती. सरांकडं असं बघितलं की ते परिचय अर्धवट टाकून खाली बसले. मैत्रीण मागच्या दाराशी उभी राहून दोन्ही हातांनी कात्री चालवल्यासारखं करत होती. उडव, उडव.

उडवलं. पहिल्या स्लाइडवरचा प्रश्न वाचला आणि सरळ चौथीवर. दोन आणि तीनकडं बघितलंही नाही. "या चार ठिपक्यांपैकी तीन वाहत्या पाण्यात आहेत आणि हा चौथा बंधाऱ्यामागं. वर मी दोन जाळी वापरली. इथं एकच, कारण खाली बुडालेल्या बाभळी आहेत आणि त्यांनी माझी दोन जाळी खाल्ली." सभागृह हसलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी मांडीवरचा माझा प्रबंध उघडला. "अहवालात आपण विचारलंत की फरक नदीमुळे की जाळ्यामुळे. उत्तर पुढच्या स्लाइडवर आहे."

पाचवी उडवली. सहावीवरचे डावीकडचे दोन खांब आधी दाखवले. "प्रबंधात मी यावरून म्हटलंय की फुगवट्यात जाती कमी आहेत." मग उजवीकडचे. "हे सारख्या जाळ्याचे. यावरून तसं म्हणता येत नाही."

अण्णांची मान माझ्याकडं वळलेली दिसली. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर सातवी स्लाइड तोंडातून फुटली नसती. ठिपके दाखवले, ठिपका म्हणजे काय ते आधी सांगितलं, मग घोळका कुठला कुणाचा ते. "जातींचा आकडा जवळजवळ तोच, पण समुदाय वेगळा." आठवी उडवली. नववीचे दोन रकाने वाचत असताना घंटा झाली. दहावी नुसती दाखवली आणि थांबले. विचित्र म्हणजे मला मजा येत होती.

परीक्षकांनी प्रबंधाची दोन-चार पानं उलटली. मग म्हणाले, "दगडाला चिकटणारा मळ्या तुम्हाला वरच्या तिन्ही ठिकाणी मिळाला. फुगवट्यात एकही नाही. म्हणजे फुगवट्यातून मळ्या गेला, असं म्हणायचं का?"

सहा वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. सहा वर्षं अण्णा या प्रश्नाचं उत्तर लोकांना देत होते. सरांनी चष्मा काढला. त्यांना हो हवं होतं, सगळ्यांनाच हो हवं होतं, मलाही.

"नाही म्हणता येणार, सर," मी म्हणाले. "मळ्या बोटभर. माझ्या तिथल्या जाळ्याचा आस त्याच्यापेक्षा मोठा. तो तिथं असता तरी मला मिळाला नसता. तिथं मळ्या आहे की नाही, मला माहीत नाही."

"सहा वर्षं काम करून?"

"सहा वर्षं काम करून," मी म्हणाले, आणि माझा नेहमीचा राग उफाळून आला. "पण का माहीत नाही, ते मला नीट माहीत आहे. बाभळी टाळून, काठच्या उथळ पाण्यात बारीक आसाचं जाळं लावलं तर कळेल. ते मी केलेलं नाही. नवव्या स्लाइडवर दुसऱ्या रकान्यात पहिलीच ओळ तीच आहे."

ते मागं रेलले. "ती मी वाचली होती," ते म्हणाले. "तुम्ही ती तोंडानं म्हणता का, तेवढंच बघायचं होतं." त्यांनी निष्कर्षाच्या प्रकरणातलं ते वाक्य बदलून प्रत जमा करायला सांगितली आणि तिथंच, शालीच्या घडीवर कागद ठेवून, पदवीची शिफारस करून सही केली.

मैत्रिणीनं मला अशी मिठी मारली की माइक पडला. सर आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "फोटो मागं होते ना? विचारले नाहीत त्यांनी. मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी असं काही म्हटलं नव्हतं, पण मी हो म्हणाले. त्या क्षणी मी त्यांना काहीही हो म्हणाले असते.

अण्णा सभागृहाबाहेर कडुलिंबाखाली उभे होते. पेढ्याचा बॉक्स हातात, अजून न उघडलेला.

"माहीत न्हाई म्हणलीस," ते म्हणाले.

"हो."

"आन् तरी बी पास केलं?"

"त्याच्यासाठीच केलं, अण्णा."

त्यांनी बॉक्स उघडला. पेढा माझ्या तोंडात घातला, मैत्रिणीच्या तोंडात घातला, स्वतः मात्र खाल्ला नाही. मला अपराध्यासारखं वाटत होतं आणि त्याचाच पुन्हा राग येत होता, कारण मी काही चुकीचं बोलले नव्हते. जाफराबादच्या एसटीत ते खिडकीशी बसले आणि पूर्ण रस्ताभर बाहेर बघत राहिले. टोपी मात्र सारखी काढून घालत होते. मी दोनदा विषय काढायला गेले. दोनदा त्यांनी हात हलवला, थांब म्हणून.

स्टँडवर उतरलो तर टपरीवाले बाबा बाकड्यावरून उठून समोर आले. तेच ते, ज्यांनी अण्णांच्या तोंडून मासे गेल्याचं शंभरदा तरी ऐकलेलं. त्यांच्यामागं आणखी चार-पाच जण. सगळ्यांना अण्णांनी सकाळी जाताना सांगून ठेवलं असणार.

"झाली का पोरगी डॉक्टर?" बाबांनी विचारलं.

"झाली तर!" अण्णांनी पेढ्याचा बॉक्स उघडून त्यांच्यापुढं धरला. छाती ही एवढी फुगलेली.

"मंग ठरलं म्हणायचं. बंधाऱ्यानं मासे गेले. सायन्सनं."

मी तोंड उघडलं. अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मग बॉक्समधला एक पेढा उचलून बाबांच्या हातावर ठेवला.

"सांगता येत न्हाई," ते म्हणाले. "जाळं बराबर नव्हतं."